जांगड दिलेला माल आणि दिवाळखोर झालेली शोरूम : न विकलेल्या साड्या नेमक्या कोणाच्या?

विणकर_येवला (धागाकर्ता), ९ नोव्हेंबर

आमचे येवल्यात पैठणीचे माग आहेत. पुण्यातील एका शोरूमला आम्ही काही वर्षांपासून साड्या जांगड देतो. विकल्या जातील त्यांचे बिल करायचे आणि उरतील त्या परत घ्यायच्या, असा आमचा व्यवहार आहे. शोरूम प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची आहे. ४ नोव्हेंबरला एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने या कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला आणि कंपनीचा कारभार हाती घेणारा अंतरिम आरपी नेमला. दावे १८ नोव्हेंबरपर्यंत द्यायचे आहेत.

आमचा हिशेब असा आहे. १२ जानेवारीच्या चलनाने २० साड्या दिल्या, त्यांतील ९ विकल्या गेल्या व त्यांचे पैसे मिळाले, ११ उरल्या. ५ जूनला १८ दिल्या, त्यांतील ५ विकल्या, पैसे आले नाहीत, १३ उरल्या. २० सप्टेंबरला २४ दिल्या, ७ विकल्या, त्यांचेही पैसे नाहीत, १७ उरल्या. म्हणजे शोरूममध्ये आमच्या ४१ साड्या पडून आहेत. बिलाचा दर सरासरी १२,००० रुपये धरावा. शोरूमचा व्यवस्थापक सांगतो की आता सगळा साठा आरपीच्या ताब्यात आहे आणि बँकेचा त्यावर बोजा आहे. ज्या साड्यांचे आम्ही एक रुपयाही घेतलेले नाहीत, त्या बँकेच्या कशा होतील?

सडेतोड

बोजा गेला खड्ड्यात. माल तुमचा आहे, चलन तुमच्याकडे आहे. टेम्पो घेऊन जा, साड्या भरा आणि घरी आणा. कोणी अडवले तर विश्वासघाताची फिर्याद द्या. मालक स्वतःचा माल उचलतो, त्याला चोरी म्हणत नाहीत.

अंजनी_पुणे

सडेतोड यांचे पहिले वाक्य कदाचित निम्म्या साड्यांपुरते खरे ठरेल, परंतु टेम्पो नेण्याचा सल्ला कृपया पाळू नये. मी दिवाळखोरीच्या प्रकरणांत काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला त्या दिवसापासून मोरेटोरियम, म्हणजे कंपनीविरुद्धच्या कारवाईवरची स्थगिती, लागू झाला आहे. दिवाळखोरी संहितेच्या कलम १४(१)(ड) प्रमाणे, कंपनीच्या ताब्यात असलेली मालमत्ता खुद्द तिच्या मालकालासुद्धा या काळात परत घेता येत नाही. येथे प्रश्न मालकीचा नसून ताब्याचा आहे. गोरेगावच्या जमिनीच्या प्रकरणात जमीन म्हाडाची असूनही ती विकासक कंपनीच्या ताब्यात होती, म्हणून मोरेटोरियम असेपर्यंत म्हाडाला ती परत घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले. म्हाडाला जे जमले नाही, ते टेम्पोने जमणार नाही.

मात्र याच संहितेची दुसरी बाजू तुमच्या उपयोगाची आहे. कलम १८ च्या स्पष्टीकरणानुसार, दुसऱ्याच्या मालकीचा आणि कंपनीकडे केवळ ठेव म्हणून किंवा करारान्वये असलेला माल हा कंपनीची मालमत्ता धरला जात नाही. पुढे कंपनी अवसायनात गेली, तर कलम ३६(४) असा माल वाटपातून वगळते. म्हणजे आज माल हातात मिळणार नाही, पण तो तुमचाच असल्याचे सिद्ध झाले, तर तो विकून बँकेचे कर्ज फेडण्याचा अधिकारही कोणाला नाही.

तेव्हा सगळे ४ नोव्हेंबरला त्या ४१ साड्यांची मालकी कोणाकडे होती यावर येऊन ठेपते, आणि याचे उत्तर दिवाळखोरी संहितेत नाही. ते १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आहे. पसंतीवर किंवा विक्री न झाल्यास परत या अटीवर दिलेल्या मालाची मालकी घेणाऱ्याकडे केव्हा जाते, ते हे कलम सांगते. त्याने माल स्वीकारल्याचे कळवले किंवा तो आपला असल्यासारखा वापरला, म्हणजे विकला किंवा गहाण टाकला, तर मालकी जाते. याखेरीज एक मार्ग असा आहे की ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते : परत करण्याची मुदत ठरली असेल आणि त्याने नकार न कळवता ती उलटू दिली, तर मुदत संपताच माल त्याचा होतो. मुदत ठरलेली नसेल, तर वाजवी काळ उलटल्यावर होतो. त्याने पैसे दिले आहेत की नाहीत, याचा येथे संबंध नाही.

म्हणून तुमच्या चलनांवर काय छापले आहे ते अक्षरशः येथे लिहा. शिवाय शोरूम गिऱ्हाइकाला किंमत स्वतः ठरवून स्वतःच्या नावाने बिल देत होती, की तुमच्या वतीने विकून दलाली घेत होती, तेही सांगा.

निवृत्त_बँकवाला

बँकेच्या बोज्याबद्दल लिहितो, कारण त्या खुर्चीत मी बरीच वर्षे बसलो आहे. कॅश क्रेडिटच्या कागदांवर ‘कर्जदाराचा सर्व वर्तमान व भावी साठा’ असे लिहिलेले असते आणि दुकानदार दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतो. पैसे उचलण्याची मर्यादा या स्टेटमेंटवर ठरत असल्याने जांगडचा मालही त्यात घुसडण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. आमचे स्टॉक ऑडिटर ‘तिऱ्हाइताचा माल वेगळा दाखवा’ असे सांगून थकत. परंतु स्टेटमेंटमध्ये लिहिल्याने माल दुकानदाराचा होत नाही. त्याचे जे नाही, त्यावर त्याला बोजा देता येत नाही, इतके हे सरळ आहे. तुमची खरी अडचण वेगळी असेल. आरपीच्या हातात पहिला कागद तेच स्टेटमेंट पडेल आणि त्यात तुमच्या साड्या शोरूमच्या म्हणून मोजलेल्या असतील. ते खोडून काढणारा पुरावा तुम्हालाच पुढे ठेवावा लागेल.

विणकर_येवला

अंजनीताई, चलनांवरचा मजकूर देतो. जानेवारीच्या चलनावर ‘माल जांगड. ९० दिवसांत परत न आल्यास बिल करण्यात येईल’ असे आहे. जूनचे चलन घाईत हाताने लिहिले, त्यावर फक्त ‘जांगड, १८ नग’ एवढेच आहे. सप्टेंबरपासून नवीन छापील पुस्तक वापरतो, त्यावर ‘माल जांगड. मुदत ६० दिवस. मागणी करताच परत करावा. बिल होईपर्यंत मालकी आमची राहील’ असे छापले आहे आणि शोरूमची सही व शिक्का आहे.

शोरूम स्वतःच्या किमतीला विकते, बिल त्यांच्याच नावाचे असते आणि आमच्या दरावर मिळेल तो नफा त्यांचा. आणखी एक सांगायचे राहिले. जानेवारीच्या उरलेल्या ११ साड्यांचे टॅक्स इन्व्हॉइस आमच्या हिशेबनिसाने जुलैमध्ये काढले, कारण जीएसटीत सहा महिन्यांच्या वर जांगड ठेवता येत नाही असे तो म्हणाला. त्या साड्या मात्र विकल्या गेलेल्या नव्हत्या.

कांदेनवमी

आमच्या मेहुण्यांचाही असाच प्रकार झाला. बाजार समितीत कांदा दिला, व्यापारी बुडाला, पैसे अडकले. त्यांनाही कांदा परत मागता येईल का?

अंजनी_पुणे

कांदेनवमी, लिलावात बोली लागून वजन झाले की विक्री पूर्ण झालेली असते आणि कांदा व्यापाऱ्याचा होतो, त्यामुळे तेथे केवळ पैशांची वसुली उरते. त्यासाठी बाजार समितीकडे जावे लागते, तो वेगळा विषय आहे.

आता विणकर यांच्या तिन्ही चलनांकडे वळू. शोरूम स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या किमतीला विकत असल्याने ती तुमची अडत्या नाही. विकलेल्या साडीचे पैसे ती तुमच्यासाठी सांभाळत नव्हती, ती केवळ तुमची देणेकरी होती. त्यामुळे विकल्या गेलेल्या १२ साड्यांचे १,४४,००० रुपये हे साधे येणे आहे. ज्या गिऱ्हाइकांनी त्या घेतल्या, त्यांच्याकडे तुम्हाला जाता येणार नाही.

जानेवारीच्या ११ साड्यांबाबत मला आशा वाटत नाही. ९० दिवसांची मुदत एप्रिलमध्येच संपली आणि शोरूमने नकार कळवला नाही, त्यामुळे माझ्या मते मालकी एप्रिलमध्येच गेली. जुलैच्या इन्व्हॉइसने त्यावर शिक्कामोर्तब केले. या ११ साड्यांचे १,३२,००० रुपयेही येण्यातच धरावेत.

सप्टेंबरच्या १७ साड्यांची बाजू सर्वांत बळकट आहे, कारण बिल होईपर्यंत मालकी आमची, हे वाक्य त्यावर आहे. कलम २४ चे नियम पक्षकारांचा वेगळा हेतू दिसत नसेल तेव्हाच लागू होतात, आणि येथे वेगळा हेतू लिखित स्वरूपात आहे. लंडनच्या एका जवाहिऱ्याच्या १९०६ च्या वाइनर विरुद्ध गिल या खटल्यात अशाच वाक्यामुळे, घेणाऱ्याच्या हातून दागिने पुढे तिसऱ्याकडे जाऊन गहाण पडले तरी मालकी मूळ जवाहिऱ्याकडेच राहिली. असे वाक्य नव्हते, त्या आधीच्या एका खटल्यात गहाण टाकताच मालकी गेली होती. तरीही एक गोष्ट आजच करा. तुमची ६० दिवसांची मुदत १९ नोव्हेंबरला संपते. त्याच्या आत आरपीला ई-मेल आणि रजिस्टर पत्राने कळवा की चलनातील अटीनुसार माल परत मागितला आहे आणि जांगड संपुष्टात आणली आहे. मुदत उलटून गेल्यावर ‘आता तो माल कंपनीचा झाला’ असे म्हणण्यास कोणाला जागा ठेवू नका.

जूनच्या १३ साड्या हा मात्र खरा वादाचा भाग आहे. मुदत लिहिलेली नाही, म्हणून वाजवी काळ किती, हा प्रश्न येतो. जून ते नोव्हेंबर असे पाच महिने झाले. पैठणीसारख्या लग्नसराईच्या मालाला पाच महिने फार नाहीत, असे मी म्हणेन, आणि बँकेचा वकील याच्या उलट म्हणेल. तुमचा दर महिन्याचा हिशेब होत होता का? त्यात उरलेल्या साड्या ‘जांगड शिल्लक’ म्हणून शोरूमने सही करून दिल्या असतील, तर ते कागद सोन्याच्या मोलाचे आहेत. सप्टेंबरअखेर त्यांनी स्वतःच त्या जांगड असल्याचे मान्य केले असेल, तर त्याआधीच त्या विकत घेतल्या होत्या असे म्हणणे कठीण होईल.

लघुउद्योजक

एवढ्या भानगडीत पडण्याची गरज नाही. आपण उद्यम नोंदणीकृत असाल, तर एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत. समाधान पोर्टलवर ५३ साड्यांचा दावा टाका, चक्रवाढ व्याजासह. आणि आरपीकडेही फॉर्म बी भरून पूर्ण रकमेचा दावा करा. जेवढा दावा मोठा, तेवढा वाटा मोठा.

अंजनी_पुणे

४५ दिवसांचा नियम खरा आहे, पण मोरेटोरियममध्ये नवीन वसुलीची कारवाई सुरू करता येत नाही, म्हणून समाधानचा मार्ग तूर्त बंद आहे. फॉर्म बी भरायचा आहे, पण पूर्ण रकमेचा नव्हे, आणि येथेच अनेकांचा घात होतो. फॉर्म बी हा माल विकून पैसे येणे असलेल्या धनकोचा अर्ज आहे. त्यात ५३ साड्यांची किंमत लिहिलीत, तर ‘मी या सर्व साड्या विकल्या होत्या’ असे तुम्ही स्वतःच प्रतिज्ञापत्रावर सांगितल्यासारखे होते. त्यानंतर त्यांतील ३० साड्या माझ्याच आहेत, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून दोन स्वतंत्र कागद करा. फॉर्म बीमध्ये विकलेल्या १२ आणि जानेवारीच्या ११, असे २,७६,००० रुपये मूळ येणे अधिक कर लिहा. उरलेल्या ३० साड्यांसाठी फॉर्म न भरता मालकी सांगणारे पत्र द्या. त्यासोबत चलने, मासिक हिशेब आणि प्रत्येक साडीची ओळख जोडा. या साड्या कंपनीच्या मालमत्तेत धरू नयेत, वेगळ्या ठेवाव्यात आणि विकू नयेत, अशी मागणी करा. धंदा चालू ठेवण्यासाठी त्या विकाव्या लागल्याच, तर त्यांचे पैसे स्वतंत्र ठेवावेत, असेही लिहा.

वाट्याबद्दल सांगायचे तर, सुरक्षित बँका आणि कामगार यांच्या नंतर पुरवठादारांचा क्रमांक येतो. त्या २,७६,००० पैकी हाती काय येईल, याची फार आशा धरू नका. मालकीच्या ३० साड्या म्हणजे ३,६०,००० रुपयांचा माल आहे, सर्व ताकद तेथे लावा.

करसल्लागार_नाशिक

जुलैच्या इन्व्हॉइसबद्दल मी अंजनी यांच्याशी पूर्णपणे सहमत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३१(७) नुसार पसंतीवर पाठवलेल्या मालाचे इन्व्हॉइस पुरवठा होताच किंवा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा काढावेच लागते. म्हणजे ते इन्व्हॉइस कराच्या सक्तीने निघाले, विक्री झाली म्हणून नव्हे. केवळ करासाठी निघालेल्या कागदावरून मालकी गेली असे म्हणणे मला पटत नाही. हिशेबनिसाने इन्व्हॉइसवर तशी टीप लिहिली असती, तर आज हा प्रश्न उरला नसता.

विणकर यांना आणखी एक इशारा देतो. जूनच्या १३ साड्यांचे सहा महिने ५ डिसेंबरला भरतात. माल अडकलेला असला तरी कराची घड्याळे थांबत नाहीत. तेव्हा इन्व्हॉइस काढावे लागलेच, तर त्यावर ‘कलम ३१(७) अन्वये केवळ करासाठी, मालकी हस्तांतरित नाही’ असे स्पष्ट लिहा आणि आरपीला ते आधीच कळवून ठेवा.

अंजनी_पुणे

करसल्लागार, इन्व्हॉइस एकटेच असते तर मी तुमच्याशी सहमत झाले असते. पण चलनावरची ९० दिवसांची मुदत आणि ‘बिल करण्यात येईल’ हे शब्द इन्व्हॉइसच्या आधीच काम करून गेले आहेत. शिवाय विणकर यांच्या वह्यांत जुलैनंतर त्या ११ साड्या ‘विक्री’ म्हणून आल्या की ‘तिऱ्हाइताकडील साठा’ म्हणून, हेही पाहिले जाईल. जुलैनंतरही त्या तुमच्याच साठ्यात धरलेल्या असतील, तर निदान युक्तिवाद करता येईल. मी मात्र कमकुवत युक्तिवादापायी बळकट ३० साड्यांची विश्वासार्हता घालवणार नाही.

ग्रंथविक्रेता_प्रकाशक

मी छोटा प्रकाशक आहे. आमचा सगळाच धंदा ‘विका आणि उरलेले परत करा’ असा चालतो. सांगलीकडच्या एका पुस्तकाच्या दुकानाला दोनेकशे प्रती दिल्या आहेत. दुकान एकट्या मालकाचे आहे, कंपनी नाही. मालक कर्जात आहे आणि दुकान बंद पडणार, अशी चर्चा आहे. वर लिहिलेले सगळे मला लागू होते का?

अंजनी_पुणे

बहुतेक नाही, आणि यात चांगले व वाईट दोन्ही आहे. दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग आजवर कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला आहे. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या दुकानाला अजूनही जुने कायदे लागू आहेत : मुंबई शहरात १९०९ चा आणि सांगलीसारख्या ठिकाणी १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा. आज तेथे मोरेटोरियम नाही. म्हणून तुम्ही उद्या जाऊन, दुकानदाराच्या संमतीने आणि सही घेऊन, पुस्तके परत आणू शकता, आणि तेच करावे.

थांबलात आणि त्याच्या दिवाळखोरीचा अर्ज झाला, तर १९२० च्या कायद्याचे कलम २८(३) आडवे येते. खऱ्या मालकाच्या संमतीने दिवाळखोराच्या धंद्यात असलेला माल, जर जगाला तो त्याचाच वाटेल अशा परिस्थितीत असेल, तर कायदा तो त्याचाच समजतो. शोरूमच्या कंपनीबाबत असा नियम नाही, छोट्या दुकानाबाबत आहे. तुमच्या बाजूने एवढे म्हणता येईल की पुस्तकांच्या दुकानातील बराच माल परतीच्या अटीवर असतो हे धंद्यातील सर्वांना ठाऊक असते, म्हणून तो दुकानदाराचा असल्याचा कोणाचा समज होत नाही. हा बचाव इंग्लंडमध्ये धंद्याच्या सर्वज्ञात प्रथेच्या आधारे मान्य झालेला आहे. तुमच्या जिल्हा न्यायालयात तो किती चालेल, हे मी सांगू शकणार नाही.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत २०१६ मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटी ही क्रीडासाहित्याची साखळी दिवाळखोर झाली, तेव्हा कन्साइनमेंटवर माल देणाऱ्या अनेक पुरवठादारांवर खटले झाले होते. ज्यांनी आपल्या मालाची सार्वजनिक नोंदणी केली नव्हती किंवा ती कालबाह्य होऊ दिली, त्यांची पंचाईत झाली. विणकर यांनी तेथे नोंदणी केली आहे का?

निवृत्त_बँकवाला

आपल्याकडे जांगड दिलेल्या मालाची तशी नोंदणी करण्याची पद्धत नाही. कंपनी निबंधकाकडे जी नोंद होते, ती बँकेच्या बोज्याची असते. म्हणूनच येथे सारा भार चलनावर आणि ओळखीवर येतो. दुकानात शंभर पैठण्या टांगलेल्या असतील, तर त्यांतील तीस तुमच्या कोणत्या, हे तुम्ही बोट ठेवून दाखवू शकला पाहिजेत.

विणकर_येवला, २४ नोव्हेंबर

सर्वांचे आभार, थोडी प्रगती सांगतो. फॉर्म बी २३ साड्यांचा भरला. ३० साड्यांचे पत्र १२ नोव्हेंबरला ई-मेलने आणि रजिस्टरने पाठवले. मासिक हिशेबाचे कागद सापडले. ३० सप्टेंबरच्या कागदावर जूनच्या साड्या ‘शिल्लक जांगड’ म्हणून लिहिल्या आहेत आणि खाली व्यवस्थापकाची सही आहे. सिल्क मार्कच्या लेबलांचे क्रमांक आमच्या वहीत होते, त्यांची यादी जोडली.

आरपीच्या कार्यालयातून उत्तर आले आहे. सप्टेंबरच्या १७ पैकी १६ साड्या क्रमांकावरून सापडल्या, त्या वेगळ्या ठेवल्या आहेत आणि विकणार नाही असे लिहून दिले आहे, परंतु मोरेटोरियममुळे आत्ता देता येणार नाहीत, असेही म्हटले आहे. एक साडी सापडत नाही. जूनच्या १३ साड्यांपैकी ६ वर शोरूमने स्वतःचे बारकोड लावताना आमची लेबले काढून टाकली आहेत. जूनच्या सर्वच साड्यांबाबत ‘कागदपत्रे तपासून कळवू’ एवढेच उत्तर आहे.

अंजनी_पुणे

लिहून दिले हे महत्त्वाचे आहे. ते पत्र जपून ठेवा. सापडत नसलेली साडी विकली गेली असेल, तर केव्हा, हे तारखेसह विचारा. ४ नोव्हेंबरच्या आधी विकली असेल तर ती फॉर्म बीमध्ये वाढवावी लागेल, नंतर विकली असेल तर तिचे पैसे प्रक्रियेच्या खर्चातून आधी मिळावेत अशी मागणी करता येईल. लेबले नसलेल्या ६ साड्यांसाठी नक्षी, काठ, पदर आणि रंग यांची वर्णने व विणताना काढलेली छायाचित्रे असल्यास आरपीच्या उपस्थितीत प्रत्यक्ष ओळख पटवण्याची वेळ मागा.

जूनबाबत लेखी नकार आला, तर कलम ६०(५) खाली एनसीएलटीत अर्ज करता येतो. १३ साड्यांसाठी, म्हणजे १,५६,००० रुपयांसाठी, वकिलाचा खर्च परवडतो का, हे आधी बघा. प्रक्रिया जास्तीत जास्त ३३० दिवसांची धरली आहे, पण प्रत्यक्षात ती लांबते.

सडेतोड

म्हणजे माल आपला, हे सगळ्यांना मान्य, तरी वर्षभर तो दुसऱ्याच्या कपाटात. त्या काळात साड्यांना कसर लागली तर भरपाई कोण देणार?

अंजनी_पुणे

प्रश्न रास्त आहे. ताब्यातील मालाची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी आरपीवर आहे असे मी म्हणेन, पण तो माल कंपनीचाच नाही, मग त्याचा विमा आणि निगा कंपनीच्या खर्चाने का करावी, असेही आरपी विचारू शकतो. विणकर, तुमच्याच विम्यात ‘तिऱ्हाइताकडील माल’ येतो का ते पाहा, आणि डांबरगोळ्या व मलमलीचे कापड घालून साड्यांची घडी मोडण्याची परवानगी पत्राने मागा. घडी मोडण्यासाठी माल बाहेर न्यावा लागत नाही, त्यामुळे बहुधा नकार येणार नाही.

विणकर_येवला

विम्याचे पाहतो. घडी मोडण्याचे पत्र उद्याच पाठवतो. जरीच्या साड्यांना डांबरगोळी थेट लागू देत नाहीत, ती कापडात बांधून कोपऱ्यात ठेवावी लागते. पत्रात तेही लिहीन.